हौद बांधण्याआधी नळाखाली बादली धरा

जालन्यात घर बांधताय, तर पुण्याच्या ओळखीच्या प्लंबरचा हिशोब जसाच्या तसा उचलू नका. चोवीस तास पाणी असेल तिथे पाच माणसांचं रोजचं ५०० लिटर दिवसभर थोडंथोडं येतं. अर्धा इंची नळ पुरतो आणि गच्चीवर ५०० लिटरची टाकी भरपूर होते.

समजा तुमच्याकडे दर सहाव्या दिवशी दोन तास पाणी येतं. मग सहा दिवसांचे ३००० लिटर त्या दोन तासांतच घ्यावे लागतात. एखादी पाळी चुकतेच, म्हणून हौद ६००० लिटरचा धरा: दोन बाय दोन मीटर, पाण्याची खोली दीड मीटर.

पण तो भरेल का, हे नळ ठरवतो. पाणी आलं की २० लिटरची बादली लावा. ४० सेकंदांत भरली तर दोन तासांत ३६०० लिटर मिळतील. दर पाळीला ६०० शिल्लक, म्हणजे हौद पाचव्या पाळीला काठोकाठ. बादलीला ५० सेकंद लागले तर २८८० च येतील. मग मोठा हौद बांधूनही तळच दिसेल. अशा वेळी जोडणीचा व्यास वाढवून मागा.

सगळी गल्ली एकदम नळ सोडते, दाब पडतो. म्हणून हौद जमिनीखालीच हवा. मोटर थेट नळाला मात्र कधीच लावू नका, फुटक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. ती हौदातूनच चालवा.