मिनिट्समधलं 'बघतो'

"कस्टमर अॅडव्हायजरी कौन्सिलच्या मिनिट्समध्ये 'हे करणार नाही' असं स्पष्ट लिहावं का? ग्राहक दुखावत नाहीत का?"

लिहावंच. मी ते लिहिलं नव्हतं आणि त्यात आमचा एक जुना ग्राहक गेला.

बेळगावात फाउंड्र्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी होतो. निवडक ग्राहकांचा सल्ला घ्यायच्या या कौन्सिलच्या बैठकीला उद्यमबाग आणि मच्छेकडचे नऊ ग्राहक आले होते. त्यातले एक मालक म्हणाले, "जॉबवर्कच्या चलनावर हीट नंबर पाहिजे. मशिनिंग करताना ब्लोहोल उघडं पडतं, पण कास्टिंग कुठल्या हीटचं ते कळत नाही. मग अख्खा लॉट अडकवून ठेवायचा." हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू, आणि ब्लोहोल म्हणजे कास्टिंगच्या आत वायूमुळे राहिलेली पोकळी. आमचे साहेब म्हणाले, "बघतो की अण्णा, पुढच्या व्हर्जनला." शेजारच्या कन्नड ग्राहकालाही त्यांनी "नोडोण", म्हणजे 'बघू या', म्हटलं. मी इंग्रजी मिनिट्समध्ये दोन्हीचं 'विल बी कन्सिडर्ड इन नेक्स्ट व्हर्जन' केलं.

साहेबांच्या मनात होतं चलनावर नंबर छापणं. अण्णांना हवं होतं वेगळंच: तीन हीटचे मिळून दोनशे नग मशिनिंगला बाहेर गेले आणि पहिल्या खेपेला ऐंशी परत आले, तर त्यातले कुठल्या हीटचे किती? आमच्याकडे साठा आयटमनुसार होता, हीटनुसार नव्हता, म्हणजे मुळापासूनचं काम. दिवाळीला चलनावर नुसता रकाना आला. अण्णांनी मिनिट्सचा कागद टेबलावर ठेवला, 'नेक्स्ट व्हर्जन'खाली लाल पेनाची रेघ. त्या भरवशावर त्यांनी आपल्या गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्टरला शब्द दिला होता. पुढचं रिन्युअल त्यांनी केलं नाही.

आज मी तीन भागांत असं लिहीन. तक्रारीत अडचण, मागणी नव्हे: 'परत आलेला माल कुठल्या हीटचा ते कळत नाही, नऊपैकी चौघांनी सांगितलं.' कबूल केलेलं: 'चलनावर हीट नंबरचा रकाना, दिवाळीपर्यंत', आणि करणाऱ्याचं नाव. तिसरं: 'परतीच्या मालाची हीटनुसार विभागणी, आश्वासन नाही. साठा आयटमनुसार असल्याने सध्या शक्य नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा घेऊ. तोवर यावर विसंबून कुणाला शब्द देऊ नये.' हे तिसरं बैठक उठण्याआधी मोठ्यानं, लोक बोलतात त्या भाषेत वाचून दाखवायचं. अण्णांनी ते ऐकलं असतं तर तिथंच म्हणाले असते, "अहो, मला तर तेच पाहिजे."

साहेब म्हणायचे, असं लिहिलं की बैठकीचा मूड जातो. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, तरी मी गप्प बसून 'कन्सिडर्ड' लिहिलं. तुमच्याकडेही असं कुणी अडवत असेल तर निदान एवढं धरून ठेवा की 'बघतो' हा शब्द कबूल केलेल्यांच्या यादीत जाणार नाही.

एक राहिलं. तारीख देऊ शकणारा माणूस बैठकीत नसेल, तर कबूल केलेल्यांत काहीच लिहू नका. आणि करारात आधीच लिहून दिलेलं असेल, तर मिनिट्समध्ये 'आश्वासन नाही' लिहून त्यातून सुटका होत नाही.