प्रीमियरमध्ये लग्नाच्या फिल्मची टाइमलाइन १६ ट्रॅकवर गेलीये, काहीच सापडत नाही. नेस्ट करू की अ‍ॅडजस्टमेंट लेयर लावू?

दोन्ही लागतील, पण कामं वेगळी. बऱ्याच क्लिपवर एकच लूक चढवायचा असेल तर अ‍ॅडजस्टमेंट लेयर. तीन-चार थर मिळून पडद्यावर एकच वस्तू दिसत असेल तर नेस्ट.

हळदीच्या साठ क्लिपवर एकेक करून लूक टाकत बसू नका. आधी दोन कॅमेऱ्यांचे रंग क्लिपवरच जुळवून घ्या, तो फरक लेयर मिटवत नाही. मग वर एक लेयर ताणा आणि प्रसंग बदलतो तिथे कापा. लेयर खालच्या सगळ्या ट्रॅकवर लागतो, म्हणून नावं त्याच्या वरच्या ट्रॅकवर हवीत. पांढरी अक्षरं पिवळट दिसायला लागली, की ती लेयरखाली राहिलीत असं समजा.

नेस्टसाठी नावाची पट्टी घ्या: मागची पट्टी, सोनेरी रेघ, नाव, नातं. चारही ट्रॅकवरच्या क्लिप निवडून राइट क्लिक, Nest, की एकच क्लिप उरते. इथे मी एकदा सपाटून आपटलोय. वधूच्या आईची पट्टी टाइमलाइनवर सात वेळा कॉपी केली, शेवटची उघडून त्यात ‘मामा’ लिहिलं, आणि आईसकट सगळे मामा झाले! टाइमलाइनवरच्या कॉपी मूळ नेस्टलाच जोडलेल्या असतात. वेगळं नाव हवं असेल तर प्रोजेक्ट पॅनलमध्ये त्या नेस्टवर Duplicate करा, आणि ती प्रत Alt धरून टाइमलाइनवरच्या पट्टीवर सोडा. जागा आणि इफेक्ट तसेच राहतात.

ज्या प्रसंगाचे कट अजून हलतायत तो मात्र नेस्ट करू नका. नेस्टला पुढेमागे जादा फुटेज नसतं. शेवटी डिझॉल्व्ह टाकला की त्यावर तिरप्या रेघा येतात आणि शेवटची फ्रेम थिजलेली दिसते. मग आत जाऊन शेवटची क्लिप लांबवावी लागते. ४के फुटेज १०८०च्या सिक्वेन्समध्ये असेल तर नेस्टही १०८०चाच होतो. त्यावर झूम केलं की चित्र मऊ पडतं. झूम आतल्या क्लिपवर करा. आणि नेस्ट करताना Alt धरून फक्त व्हिडिओच निवडा, नाहीतर मंगलाष्टकं नि सनई एकाच क्लिपमध्ये अडकतात.

रेझॉल्व्हमधली कंपाउंड क्लिप म्हणजे साधारण हेच. तिथे सोडवायला Decompose in Place आहे. प्रीमियरमध्ये मी नेस्ट उघडतो, आतलं सगळं कॉपी करतो आणि बाहेर पेस्ट करतो. नेस्टवर बाहेरून लावलेले इफेक्ट त्यात येत नाहीत, ते परत लावावे लागतात.