सहसंबंध ०.८४ आला, म्हणजे वाचनामुळे गणित सुधारतं का?

प्रश्न: बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सातवीला शिकवते. वर्गात ३८ मुलं. त्यातली ११ दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि मार्चअखेर परततात. एप्रिलमध्ये मराठी वाचन आणि गणित अशा दोन चाचण्या घेतल्या. दोन्हींच्या गुणांचा सहसंबंध ०.८४ आला. मुख्याध्यापक म्हणतात, गणिताचा एक तास काढून वाचनाला देऊ, गणित आपोआप वर येईल. कृती संशोधनाच्या अहवालात ‘वाचनामुळे गणित सुधारते’ असा निष्कर्ष लिहू का?

उत्तर:

मॅडम, तेवढं एक वाक्य लिहू नका. बाकीचं काम चांगलं झालं आहे, आणि उत्तराचा अर्धा भाग तुमच्याच प्रश्नात आहे: ती ११ मुलं.

आधी एक प्रयोग करा. एक्सेलमध्ये वाचनाचे गुण B स्तंभात आणि गणिताचे C स्तंभात असतील, तर तुम्ही बहुतेक हे सूत्र वापरलं असेल:

```
=CORREL(B2:B39,C2:C39)
```

आता गणिताच्या प्रत्येक गुणात १० मिळवा आणि सूत्र पुन्हा चालवा. उत्तर ०.८४ च येईल. सगळ्यांचे दहा गुण कमी केलेत तरी ०.८४. दोन स्तंभांची अदलाबदल केलीत तरी तेच. म्हणजे वर्गाचं गणित सुधारलं की घसरलं, हे या आकड्याला दिसतच नाही. वाचनात जो सरासरीच्या वर आहे तो गणितातही वर आहे का, आणि खालचा तिथेही खाली आहे का, एवढंच तो सांगतो. कोणामुळे कोण, हे त्याला कसं कळणार? स्तंभ उलटे केले की हाच आकडा ‘गणितामुळे वाचन सुधारते’ याचाही पुरावा ठरेल, आणि मग वाचनाचा तास काढून गणिताला द्यावा लागेल!

आता ऊसतोडीकडे येऊ. हिशेब हाताने करता यावा म्हणून आठच मुलं घेतो. आकडे मुद्दाम सोपे घेतलेत, ते तुमच्या वर्गाचे नाहीत. चाचण्या २० गुणांच्या. हंगामात बाहेर असलेल्या चौघांचे वाचन आणि गणिताचे गुण असे: (६, ८), (८, ६), (६, ६), (८, ८). वर्षभर शाळेत असलेल्या चौघांचे: (१४, १६), (१६, १४), (१४, १४), (१६, १६).

आठही मुलं एकत्र धरली तर दोन्ही विषयांची सरासरी ११ येते. प्रत्येक मुलाचं सरासरीपासूनचं अंतर दोन्ही विषयांत काढा, त्या दोन अंतरांचा गुणाकार करा आणि आठही गुणाकारांची बेरीज घ्या: १२८. वाचनातल्या अंतरांच्या वर्गांची बेरीज १३६ येते, गणिताचीही १३६. दोन्ही १३६ असल्याने त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळही १३६. १२८ भागिले १३६ म्हणजे ०.९४. तुमच्यापेक्षाही जास्त.

आता गट वेगळे करा. पहिल्या चौघांची सरासरी दोन्हीकडे ७. अंतरं सगळी एकेकाची, दोन गुणाकार +१ आणि दोन –१. बेरीज शून्य. दुसऱ्या गटातही तसंच, शून्य. म्हणजे एकाच गटातल्या मुलाचे वाचनाचे गुण कळले तरी त्याच्या गणिताबद्दल काहीच कळत नाही. ०.९४ सगळा आला तो दोन गटांमधल्या अंतरातून, आणि ते अंतर पडलं चार-पाच महिने शाळा बुडाल्यामुळे. शाळा बुडाली की वाचनही मागे पडतं आणि अपूर्णांकही. दोघांचं मूळ एक, पण एकाने दुसऱ्याला हात लावलेला नाही.

तुमच्या वर्गात इतकं स्वच्छ चित्र दिसणार नाही. पण ११ आणि २७ अशा दोन याद्या करून सहसंबंध वेगवेगळा काढा. दोन्हीकडे तो ०.८४ वरून बराच खाली आला, तर मोठा वाटा गैरहजेरीचा होता असं समजा. फारसा उतरला नाही, तर ऊसतोडीने तो स्पष्ट होत नाही. तरीही वाचनच कारण हे ठरत नाही, कारण घरी अभ्यास घेणारं कोणी आहे का, मोठ्या बहिणीवर धाकट्यांना सांभाळायची वेळ येते का, अशी आणखीही सामायिक मुळं असू शकतात. ११ मुलांवरचा आकडा डळमळीत असतो हेही ध्यानात असू द्या. एखाद्या मुलाचा पेपर बिघडला तरी तो बराच हलतो.

थोडं विषयांतर. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांच्या गुणांचे असेच सहसंबंध काढले होते. त्यात ग्रीक-लॅटिनचे गुण आणि सूर ओळखण्याची क्षमता यांच्यातला आकडा ०.६६ होता. म्हणून लॅटिन सुधारायला कुणी मुलांना तंबोऱ्यापुढे बसवलं नाही. स्पिअरमन यांनी यामागे एकच ‘सर्वसाधारण बुद्धी’ असल्याचं मांडलं. पण १९१६ मध्ये गॉडफ्रे थॉमसन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की अनेक छोटी छोटी कारणं एकत्र आली तरी सहसंबंधांची तीच रचना उभी राहते. म्हणजे दोन्हींच्या मागे काहीतरी आहे इथपर्यंत आलो, तरी ते एक आहे की पन्नास, हेही या आकड्यांवरून ठरत नाही.

मुख्याध्यापकांची कल्पना अगदीच हवेतली नाही, हे मात्र मान्य करायला हवं. शाब्दिक उदाहरण वाचून कळलंच नाही, तर मूल ते सोडवणार कसं? ही वाट खरी आहे का, हे तुमच्याकडच्या पेपरांवरूनच थोडंफार तपासता येईल. गणिताच्या चाचणीतले शाब्दिक उदाहरणांचे गुण एका स्तंभात लिहा, आणि नुसत्या बेरीज-भागाकार-अपूर्णांकांचे दुसऱ्यात. वाचनाचा सहसंबंध दोन्हींशी वेगवेगळा काढा. वाचन समजण्यामुळे गणित जमत असेल, तर शाब्दिक उदाहरणांशी तो ठळकपणे जास्त यायला हवा. कोऱ्या आकडेमोडीशीही तेवढाच आला, तर तिथे वाचायला काहीच नव्हतं, म्हणजे कारण दुसरीकडे शोधावं लागेल. दोन्ही भागांना साधारण सारखे प्रश्न असू द्या, नाहीतर दोन-तीनच प्रश्न असलेल्या भागाचा आकडा त्याच कारणाने कमी येईल.

खरंच ‘मुळे’ लिहायचं असेल, तर तास कोणाला मिळणार हे तुम्ही ठरवू नका, चिठ्ठ्यांना ठरवू द्या. जुलै ते सप्टेंबर हा काळ त्यासाठी बरा, सगळी मुलं गावात असतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या टाका आणि बाकीच्यांच्या वेगळ्या, म्हणजे दोन्ही गटांत ती मुलं सारखी वाटली जातील. एका गटाला जादा वाचन, दुसऱ्याला तेवढाच वेळ चित्रकला, आणि गणिताचा तास दोघांचाही तसाच ठेवा. आठ आठवड्यांनी एकच गणित चाचणी घेऊन दोन गटांच्या सरासरींची तुलना करा, आणि मग राहिलेल्यांनाही वाचनाचा तास द्या.

सगळ्यात कच्ची दहा मुलं निवडून त्यांना तास देण्याचा मोह मात्र टाळा. मी एकदा तसंच केलं होतं. सगळ्यांचे गुण वाढले, मी खुशीत अहवाल लिहिला. एका सहकाऱ्याने विचारलं, “ज्यांना तास दिला नाही त्या कच्च्यांचं काय झालं?” बघितलं तर तेही वाढले होते. पहिल्या चाचणीत सगळ्यात खाली असणाऱ्यांपैकी काहींचा त्या दिवशीचा पेपरच बिघडलेला असतो, पुढच्या वेळी ते आपोआप थोडे वर येतात.

या वर्षीच्या अहवालात एवढं लिहा: ‘एप्रिलच्या चाचण्यांत वाचन व गणित यांच्या गुणांत ०.८४ इतका धन सहसंबंध आढळला. हंगामी स्थलांतर करणाऱ्या ११ व इतर २७ विद्यार्थ्यांचे सहसंबंध स्वतंत्रपणे दिले आहेत.’ खाली ते दोन आकडे द्या. आणि गणिताचा तास तूर्त आहे तिथेच राहू द्या.