'सांग ना, करतो की' म्हणणारा नवरा

प्रश्न: लग्नाला सहा वर्षं झाली. घरातलं सगळं मीच ठरवते, मीच लक्षात ठेवते, फिरायला जायचं पण मीच काढते. बोलले की नवरा म्हणतो, "सांग ना, करतो की." कुणाला कदर नाही असं वाटतं. माझंच चुकतंय का?

उत्तर:

नवरा खोटं बोलत नाहीये हो, सांगितलं तर तो करतही असेल. पण सांगणं हेच अर्ध्याहून जास्त काम आहे आणि ते तुमच्याकडेच राहतंय.

आमच्याकडचंच सांगते. सासर कुडाळजवळ, आम्ही डोंबिवलीत, गणपतीला जावंच लागतं. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, सकाळी ८ ला, आणि गणपतीच्या तारखांना बघता बघता वेटिंग लागतं. म्हणजे जूनमध्येच कुणीतरी कॅलेंडर उघडून चतुर्थी कधी आहे ते बघायचं, दोघांच्या सुट्ट्या जुळतायत का, मुलाची परीक्षा मध्ये येतेय का, सासऱ्यांना लोअर बर्थ हवा, हे सगळं डोक्यात ठेवायचं, मग कोकणकन्या की मांडवी की तुतारी ते बघायचं, आणि तिकीट वेटिंगला असेल तर पुढे दोन महिने ते कुठवर सरकलं ते बघत बसायचं, स्पेशल गाड्या सुटतायत का त्यावर डोळा ठेवायचा. यात नवरा काय करायचा, तर "कोकणकन्या बरी, रात्री झोपून जाऊ" म्हणायचा आणि मी उठवलं की ८ वाजता मोबाईलवर बुक करायचा. त्याच्या हिशोबात तिकिटं त्यानेच काढली, आणि काढलीही होतीच की!

अ‍ॅलिसन डॅमिंजर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी ३५ जोडप्यांशी बोलून २०१९ मध्ये यावर पेपर लिहिला. त्यांनी या डोक्यातल्या कामाचे चार भाग केले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही बघणं. निर्णय बहुतेक घरांत दोघं मिळून घेत होते, पण पहिला आणि शेवटचा भाग जास्त करून बायकांकडे. तुमचा राग नेमका याच दोन टोकांचा आहे, आणि ती दिसत नाहीत म्हणून कदरही होत नाही. "मी थकले" म्हटलं की तो "मग आराम कर" म्हणणार. त्याऐवजी एक काम घेऊन अथपासून इतिपर्यंत त्याच्यासमोर मांडा, वर तिकिटाचं मांडलं तसं. आणि तो तुम्हाला न दिसता काय करतो तेही विचारा, माणूस स्वतःचंच काम जास्त मोजतो, त्यात आपणही आलो.

मग एखादी गोष्ट मुळापासून त्याच्याकडे द्या. "बिल भर" असं नाही, तर लाईट बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, गाडीचा इन्शुरन्स हे सगळं आता तुझं, तारखा पण तुझ्याच डोक्यात. किमान काय व्हायला हवं तेवढं आधी दोघांनी ठरवा, नंतर आठवण करायची नाही. खरी कसोटी इथे आपलीच असते, कारण शेवटच्या दिवशी हात शिवशिवतात, गुपचूप करून टाकावंसं वाटतं. केलंत की संपलं, परत सगळं तुमच्याकडे. आम्ही गावी जाणं असंच नवऱ्याकडे दिलं. पहिल्या वर्षी तो उशिरा जागा झाला, तिकीट वेटिंगलाच राहिलं, शेवटी एसटीच्या जादा गाडीने गेलो आणि सासऱ्यांची कंबर धरली. त्यांची बोलणी त्यानेच खाल्ली, मी मध्ये पडले नाही. पुढच्या वर्षी मोबाईलमध्ये रिमाइंडर त्याने स्वतः लावला.

मात्र सुरुवात मुलाच्या लसीपासून किंवा कुणाच्या बीपीच्या गोळ्यांपासून करू नका, चूक झाली तर तिसऱ्याला भोगावी लागेल. आणि न सांगता सगळं बंद करून "बघू त्याला कळतं का" हे तर नकोच, त्याला परीक्षा चालू आहे हेच माहीत नसतं.

फिरायला जाण्याचं जरा वेगळं आहे, ते कामासारखं वाटून देता येत नाही. तरी महिन्यातला एक रविवार पूर्ण त्याचा असं ठरवून बघा. त्याने मिसळ खायला नेलं तर मिसळ खायची, "जरा बरं हॉटेल नव्हतं का" म्हणायचं नाही. मला हे अजून जड जातं, असो.

आता तुम्ही विचारलंय की चुकतंय का. एक बघा, तो मित्रांसोबत क्रिकेटचं टर्फ बुक करतो का? कोण येणार, कुणाचे पैसे राहिले, पाऊस आला तर काय, हे न सांगता लक्षात ठेवतो का? ठेवत असेल तर त्याला जमत नाही हा प्रश्नच मिटला. मग एवढं स्पष्ट मांडून, काम पूर्ण सोपवून, काही महिने वाट बघूनही तो "सांग ना" वरच अडला असेल, तर त्याला कळत नाहीये असं समजू नका, त्याला ते सोयीचं आहे. तेव्हा मग बोलणं कामांच्या वाटणीवर न करता, हे असंच चालणार असेल तर मला या नात्यात राहणं जड जातंय, इथून सुरू करा, आणि दोघांत जमत नसेल तर समुपदेशकासमोर बसून करा.