उधार माल खरेदी, जीएसटी क्रेडिट आणि ट्रान्सपोर्टचं वेगळं भाडं: एंट्री कशी येईल?

प्रश्न: गुजरातच्या पार्टीकडून उधारीवर माल घेतला, जीएसटीचं क्रेडिट घेणार आहे. भाडं ट्रान्सपोर्टवाल्याला मी वेगळं दिलं. जर्नल एंट्री काय होईल? भाडं पार्टीच्याच खात्यात धरायचं का?

उत्तर:

पार्टीच्या खात्यात भाड्याचा एक रुपयाही धरू नका. तिची देणी तिच्या बिलाइतकीच. भाड्याची एंट्री वेगळी होते, आणि खरा घोळ त्या भाड्यावरच्या जीएसटीत होतो.

आकडे घेऊन बघू. सांगलीतल्या दुकानदाराने मोरबीहून टाइल्सच्या 500 पेट्या 400 रुपये दराने मागवल्या. माल 2,00,000 रुपयांचा. परराज्यातली खरेदी म्हणून त्यावर 18 टक्के आयजीएसटी, म्हणजे 36,000 रुपये. गाडीभाडं 20,000 रुपये, बिल्टीवर ‘टू पे’, आणि ते दुकानदाराने बँकेतून दिलं. ट्रान्सपोर्टर मोरबीचाच आहे.

खरेदीची एंट्री:

खरेदी खाते नावे 2,00,000
इनपुट आयजीएसटी खाते नावे 36,000
  पार्टीचे खाते जमा 2,36,000
(उधारीवर टाइल्स खरेदी केल्याबद्दल)

36,000 हा खर्च नव्हे, सरकारकडून येणं आहे. म्हणून तो खरेदीत मिसळायचा नाही. माल राज्यातलाच असता तर एका ओळीऐवजी सीजीएसटी 18,000 आणि एसजीएसटी 18,000 अशा दोन ओळी आल्या असत्या, बाकी सगळं तेच.

भाड्याची एंट्री:

आवक गाडीभाडे खाते नावे 20,000
  बँक खाते जमा 20,000
(टाइल्सचे भाडे दिल्याबद्दल)

भाडं नंतर द्यायचं असेल तर बँकेऐवजी ट्रान्सपोर्टरचं खाते जमा करा.

आता कर. ट्रान्सपोर्टरने बिल्टी म्हणजे एलआर दिली आणि बिलात कर लावला नाही, तर तो कर नोंदणीकृत खरेदीदाराने स्वतः भरायचा असतो. यालाच रिव्हर्स चार्ज किंवा आरसीएम म्हणतात. दर 5 टक्के, म्हणजे इथे 1,000 रुपये:

इनपुट आयजीएसटी (आरसीएम) खाते नावे 1,000
  आरसीएम देय आयजीएसटी खाते जमा 1,000

आणि भरणा केल्यावर:

आरसीएम देय आयजीएसटी खाते नावे 1,000
  बँक खाते जमा 1,000

हे 1,000 रोखीच्या लेजरमधूनच, म्हणजे चलन करून भरावे लागतात. क्रेडिट लेजरमध्ये 36,000 पडून असले तरी त्यातून आरसीएम वळता होत नाही. नव्याने हिशोब लिहिणारा इथे हमखास अडकतो. मात्र भरलेल्या 1,000 चं क्रेडिट त्याच महिन्यात मिळतं: GSTR-3B मध्ये देणं 3.1(d) मध्ये दाखवा आणि क्रेडिट 4(A)(3) मध्ये घ्या. खिशातून कायमचं काही जात नाही, पण एंट्री राहून गेली तर पुढे व्याज लागतं. ती राहून जाण्याचं कारणही साधं आहे. ट्रान्सपोर्टर नोंदणीकृत नसेल तर त्याचं बिल GSTR-2B मध्ये येतच नाही, त्यामुळे आठवण करून देणारं काही नसतं. म्हणून महिनाअखेर आवक गाडीभाडे खातं उघडा, त्यातल्या बिल्टीवाल्या रकमांचे 5 टक्के काढा आणि आरसीएम देय खात्याच्या जमेशी ताडून पाहा. फरक आला की कुठलं तरी भाडं सुटलंय.

आरसीएमवर आयजीएसटी की सीजीएसटी-एसजीएसटी, हे गाडी कुठून निघाली यावर ठरत नाही. ट्रान्सपोर्टर कुठला आणि तुम्ही नोंदणीकृत कुठे, हे बघायचं. मोरबीचा असल्याने इथे आयजीएसटी. तीच गाडी सांगलीच्या ट्रान्सपोर्टरची असती, तर माल गुजरातहून येऊनही 500 सीजीएसटी आणि 500 एसजीएसटी झाला असता.

बिल हातात घेतल्यावर आणखी दोन शक्यता तपासा. ट्रान्सपोर्टरने स्वतःच कर लावला असेल तर आरसीएम नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून त्याच्यापुढे 5 किंवा 18 टक्के असे दोन पर्याय आहेत (आधी 18 च्या जागी 12 होते). 18 टक्के लावला असेल तर गाडीभाडे 20,000 नावे, इनपुट आयजीएसटी 3,600 नावे, ट्रान्सपोर्टर 23,600 जमा. दुसरी शक्यता, गावातला टेम्पोवाला बिल्टी न देता नुसती भाड्याची पावती देतो. त्याच्यावर कर नाही, आरसीएमही नाही. तिथे फक्त 20,000 ची एंट्री. धान्य, डाळी, पीठ, दूध, मीठ यांच्या वाहतुकीलाही सूट आहे, त्यामुळे किराणा दुकानदाराने डोळे झाकून सगळ्याच भाड्यावर 5 टक्के लावू नयेत.

आवक गाडीभाडे हे व्यापार खात्यात जातं, नफा-तोटा खात्यातल्या इतर खर्चांत नाही. याचा परिणाम वर्षअखेरच्या शिल्लक मालावर दिसतो. 500 पेट्यांवर 20,000 भाडं म्हणजे पेटीमागे 40 रुपये, म्हणून पेटीची किंमत 440 पडली. 31 मार्चला 100 पेट्या शिल्लक असतील तर साठा 44,000 चा धरायचा. बिल बघून 40,000 धरला तर नफा 4,000 ने कमी दिसतो. ज्याचं क्रेडिट घेतलंय तो जीएसटी मात्र साठ्याच्या किमतीत येत नाही.

भाडं कोणाच्या माथी होतं, तेही ऑर्डरवर पाहून घ्या. ‘माल दुकानात पोच’ असा भाव ठरला असेल आणि ड्रायव्हर दारात उभा म्हणून भाडं तुम्ही दिलं असेल, तर ते तुमचा खर्च नाही. तिथे पार्टीचे खाते नावे 20,000, बँक जमा 20,000, आणि देणं 2,16,000 वर येतं. भाड्यासाठी पार्टीच्या खात्याला हात लागतो तो एवढ्याच वेळी, आणि तोही नावे बाजूला. उलट, खर्च तुमचा असताना भाडं चुकून पार्टीच्या जमेला टाकलं तर खाते ताळ्याच्या वेळी तिच्याकडे 2,36,000 आणि तुमच्याकडे 2,56,000 दिसतील. नेमका भाड्याइतका फरक दिसला की समजायचं.

36,000 चं क्रेडिट घ्यायला बिल GSTR-2B मध्ये दिसायला हवं आणि माल हातात आलेला हवा. 29 मार्चचं बिल आणि 2 एप्रिलला गाडी पोचली, तर क्रेडिट एप्रिलच्या रिटर्नमध्ये. उधारी लांबली तरी बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत करासकट पैसे द्या. नाही दिले तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं. पैसे दिल्यावर ते परत घेता येतं, व्याज मात्र गेलं ते गेलं.

टॅलीत खरेदी F9 मध्ये, भाड्याचा भरणा F5 मध्ये आणि आरसीएमची एंट्री F7 मध्ये टाका. आरसीएमसाठी इनपुटचं खातं वेगळं ठेवलंत तर 4(A)(3) चा आकडा शोधत बसावा लागत नाही.