रिपोर्टमध्ये ९९ टक्के आणि ग्राहकाचा संताप शंभर टक्के

प्रश्न: आमच्या सपोर्टचा एसएलए रिपोर्ट दर महिन्याला ९९ टक्के दाखवतो, तरी ग्राहक म्हणतात उत्तरच येत नाही. प्रतिसादाची वेळ मोजून ब्रीच आपोआप कळवणारी व्यवस्था कशी करायची?

तुमची क्वेरी उघडून बघा. माझी पैज आहे की त्यात हे असणार:

```sql
WHERE first_response_at > due_at
```

ज्या तिकिटाला उत्तरच गेलेलं नाही त्याचा `first_response_at` हा NULL असतो. NULL ची तुलना कशाशीही केली तरी निकाल खरा येत नाही, म्हणून ती ओळ ब्रीचमध्ये मोजलीच जात नाही. थोडक्यात, उशिरा उत्तर दिलं तर बोंब आणि अजिबात दिलं नाही तर रिपोर्ट स्वच्छ.

पुण्यातल्या आधीच्या कंपनीत याच ओळीवरून माझं आणि आमच्या डिलिव्हरी मॅनेजर साहेबांचं वाजलं होतं. क्लायंट लंडनचा, पहिल्या उत्तराचं टार्गेट कामकाजाचे ४ तास. मी क्वेरी अशी केली:

```sql
WHERE COALESCE(first_response_at, now()) > due_at
```

उत्तर नसेल तर आत्ताची वेळ धरा, एवढंच. त्या महिन्याचा आकडा धाडकन खाली आला. साहेब म्हणाले, "उघडी तिकिटं कशाला मोजतोस? बंद झाल्यावर मोजू." अहो, मुदत उलटून गेलेलं तिकीट बंद व्हायची वाट कशाला बघायची? बंद तिकिटांवरच रिपोर्ट काढला की सगळ्यात वाईट तिकीट सगळ्यात उशिरा दिसतं, तेही पुढच्या महिन्याच्या खात्यात. मुदत न उलटलेली, उत्तर न गेलेली तिकिटं टक्केवारीतून बाहेर ठेवा, हे मला मान्य. पण तेवढीच.

मग त्यांनी दुसरा रस्ता काढला. शुक्रवारी संध्याकाळी टीममधली मुलं तिकिटं भराभर `Waiting for customer` मध्ये ढकलू लागली, कारण त्या स्टेटसला आमचं एसएलएचं घड्याळ थांबायचं. उदाहरण घ्या. क्लायंटचे कामाचे तास ९ ते ६, तिकीट आलं शुक्रवारी ५:१० ला. शुक्रवारची ५० मिनिटं गेली, उरले ३ तास १० मिनिटं, म्हणजे मुदत सोमवारी दुपारी १२:१०. आता कोणी ५:४० ला स्टेटस बदलून घड्याळ थांबवलं आणि सोमवारी १० वाजता ग्राहकाने स्वतःच "काय झालं?" विचारलं, तर खर्च झाली फक्त ३० मिनिटं आणि मुदत सरकली १:३० वर. ग्राहकाला मात्र आपण काहीच विचारलेलं नाही! मग वाट कसली बघतोय?

म्हणून पहिल्या उत्तराच्या घड्याळाला पॉज देऊच नका. त्याचा शेवट एकच: माणसाने लिहिलेला, ग्राहकाला दिसणारा पहिला मजकूर. "आपली विनंती मिळाली" हा ऑटो-रिप्लाय आणि आतली नोट धरायची नाही. पॉज फक्त रिझोल्यूशनच्या, म्हणजे तिकीट सोडवण्याच्या घड्याळाला, तोही स्टेटस बदलताना ग्राहकाला प्रश्न गेला असेल तरच. जिरामध्ये स्टार्ट, पॉज, स्टॉपच्या अटी अशा वेगवेगळ्या लावता येतात, लोक लावत नाहीत एवढंच. हे तपासायचं असेल तर स्टेटसचा इतिहास काढा आणि ज्या पॉजच्या आसपास एकही सार्वजनिक कमेंट नाही ते वेगळे करा. मी ती यादी मीटिंगमध्ये स्क्रीनवर लावली होती. साहेबांनी विषय चहावर नेला.

कळवण्याचं काम त्यामानाने सोपं आहे. दर पाच मिनिटांनी क्रॉनवर वरची क्वेरी चालवा, सापडलेलं तिकीट `sla_breaches` टेबलमध्ये टाका आणि तिकीट क्रमांक व घड्याळ मिळून युनिक की ठेवा, म्हणजे एकाच ब्रीचचे मेल पुन्हा पुन्हा जात नाहीत. या टेबलमधली ओळ कोणालाही पुसता येता कामा नये. नाहीतर ब्रीच झाल्यावर तिकिटाची प्रायॉरिटी पी२ ची पी३ करायची, मुदत लांबवायची आणि डाग गायब, हा खेळ सुरू होतो. ब्रीचचा मेल टीम लीडबरोबर क्लायंटच्या माणसालाही जावा, असं माझं स्पष्ट मत आहे. साहेबांचं नव्हतं.

एक राहिलं. वेळा यूटीसीत साठवा, पण `due_at` काढताना कॅलेंडर `Europe/London` चं धरा, साडेपाच तास वजा करून नको. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडचं घड्याळ बदलतं, उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा होतो आणि तासाभराचे खोटे ब्रीच पडतात. बँक हॉलिडेही भरा. आणि दिवसाला आठ-दहाच तिकिटं येत असतील तर एवढा पसारा नको, उत्तर न गेलेल्या तिकिटांची यादी रोज सकाळी सगळ्यांना मेल करा.