सहा मेल झाले, आता सातवा कुणाचा?

*"माझी मुलगी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. सुट्टीत दोन महिने एखाद्या संशोधकाच्या हाताखाली काम करायचं म्हणून तिने एका प्राध्यापिकेला मेल पाठवला. उत्तर नाही. मी म्हटलं, चिकाटी सोडायची नाही. चौदा दिवसांत सहा मेल झाले. शेवटचे दोन मीच तिच्या अकाउंटवरून लिहिले. विभागात दोनदा फोनही केला. मेल उघडला की कळवणारं एक एक्स्टेन्शन बसवलं आहे, त्यात आमचा मेल नऊ वेळा उघडलेला दिसतो. म्हणजे वाचतात, पण उत्तर देत नाहीत. मुलगी आता 'पुरे' म्हणते. मार्क उत्तम आहेत. अजून किती मेल पाठवावेत?" – एक वडील*

एकही नाही, निदान तुम्ही तरी नाही.

पत्र वाचताना मी 'मीच तिच्या अकाउंटवरून लिहिले' या वाक्यापाशी थांबलो. उद्या त्या प्राध्यापिकेने खरंच होकार दिला आणि पाच मिनिटं बोलायला बोलावलं, तर मुलगी कोणत्या मेलबद्दल बोलणार? पाचव्या मेलमध्ये काय लिहिलंय हे तिला माहीत तरी आहे का? शिवाय पहिले चार मेल वीस वर्षांच्या मुलीच्या भाषेत आणि पुढचे दोन पन्नाशीतल्या माणसाच्या भाषेत, हे वाचणाऱ्याला कळतं. मलाही अशी पत्रं येतात, आणि दुसऱ्या ओळीतच वडिलांचा आवाज ऐकू येतो. विभागात फोन तुम्ही केला असेल, तर उरलीसुरली शंकाही फिटली असणार. जी मुलगी स्वतःचा मेल स्वतः लिहीत नाही तिला दोन महिने शिकवायला घ्यावं का, असा प्रश्न त्यांना पडला तर मी त्यांना दोष देणार नाही. मुलीचा दोष नसताना किंमत मात्र ती मोजते आहे.

आता त्या नऊ वेळा उघडलेल्या मेलविषयी, कारण तुमचा सगळा हट्ट त्या आकड्यावर उभा आहे. हे एक्स्टेन्शन मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं एक ठिपक्याएवढं चित्र घालतं. ते चित्र सर्व्हरवरून मागवलं गेलं की 'उघडला' अशी नोंद होते. पण चित्र मागवणारा माणूसच असतो असं नाही. जीमेल २०१३ पासून मेलमधली चित्रं आपल्याच सर्व्हरमार्फत आणतं. ॲपलच्या मेलमध्ये २०२१ पासून अशी सोय आहे की ती चालू असेल तर मेल कुणी उघडला नाही तरी चित्रं आधीच उतरवली जातात. संस्थांच्या सुरक्षा यंत्रणाही येणारे मेल तपासताना ती मागवू शकतात. काही वेळा तर आपणच आपला पाठवलेला मेल पुन्हा उघडून पाहतो आणि तेही मोजलं जातं; तुम्ही तो किती वेळा उघडलात, आठवून पाहा. उलट, समोरच्याने चित्रं बंद ठेवली असतील तर मेल शब्दन् शब्द वाचूनही तुम्हाला शून्य दिसेल. तेव्हा नऊ हा आकडा 'वाचलं' असंही सांगत नाही आणि 'मुद्दाम टाळलं' असंही नाही. ते एक्स्टेन्शन काढून टाका.

किती पाठवावेत याचं माझं माप असं आहे: ज्याने आपल्याला काही कबूल केलेलं नाही, अशा माणसाला एकूण तीन मेल. पहिला विचारणारा. आठ-दहा कामाच्या दिवसांनी दुसरा, त्याच मेलला रिप्लाय करून, म्हणजे मूळ मजकूर खाली दिसतो आणि शोधावा लागत नाही. त्यात दोन-तीन ओळी पुरतात. आणखी दोन आठवड्यांनी तिसरा, आणि तो विषय मिटवणारा. अधेमध्ये 'अमुक तारखेपर्यंत रजेवर' असं आपोआप उत्तर आलं, तर दिवस त्या तारखेनंतर मोजायचे. मेल पत्ता चुकल्यामुळे परत आला असेल, तर तो धरायचाच नाही.

मात्र पहिल्या मेलच्याही आधीचं एक काम आहे. त्या प्राध्यापिकेचं संकेतस्थळावरचं पान तुमच्यापैकी कुणी नीट वाचलं का? बरेच संशोधक तिथे लिहून ठेवतात की विद्यार्थी घेत नाही, किंवा अर्ज अमुक फॉर्मवरूनच करावा, मेलना उत्तर देता येणार नाही. तसं लिहिलं असेल तर उत्तर पहिल्याच दिवशी मिळालेलं आहे, आणि फॉर्मची मुदत या चौदा दिवसांत निघून गेलेली नसली म्हणजे मिळवलं.

ज्याने शब्द दिला आहे त्याचा हिशोब वेगळा. कुणी शिफारसपत्र देतो म्हणाले आणि मुदत पाच दिवसांवर आली, तर चौथी आठवणही करावी, फोनही करावा. तिथे संकोच करणं हा गाढवपणा. तुमच्या प्रकरणात कुणीच काही कबूल केलेलं नाही.

तीनाऐवजी सहा मेल गेलेच आहेत, तर आता काय? मुलीने तीन आठवडे गप्प राहावं. मग एकच मेल, तिने स्वतः लिहिलेला, साधारण असा:

*"आदरणीय मॅडम, सुट्टीतल्या प्रकल्पासाठी मी आपल्याला लिहिलं होतं. थोड्या दिवसांत फार मेल गेले, त्याबद्दल क्षमा मागते. यंदा जागा नसावी असं समजून मी दुसरीकडे अर्ज करते आहे. पुढे कधी जागा निघाली तर कळवावं, ही विनंती. या विषयावर माझ्याकडून आता मेल येणार नाही."*

यात 'वडिलांनी लिहिले' असा खुलासा नको. त्याने तिची बाजू सावरत नाही, तुमची उघडी पडते. 'किमान नकार तरी कळवा' हेही नको, कारण त्यात मागणीच लपलेली असते. या मेलला उत्तर देण्याचं ओझं नाही, म्हणून कधीकधी यालाच उत्तर येतं. पण त्या आशेवर आठवा मेल पाठवला, तर शेवटचं वाक्य खोटं ठरेल आणि नाव कायमचं लक्षात राहील.

सहा-आठ महिन्यांनी तिने एखादा प्रकल्प पुरा केला, त्या प्राध्यापिकेच्या शोधनिबंधातली पद्धत स्वतः एखाद्या आकडेवारीवर चालवून पाहिली आणि कुठेतरी अडली, तर तो नेमका प्रश्न विचारणारा मेल जरूर पाठवावा. तो नवा मेल आहे, जुन्याचा पाठपुरावा नाही. त्याच विभागातल्या दुसऱ्या प्राध्यापकांनाही लिहायला हरकत नाही, फक्त प्रत्येकाला वेगळं. एकाच मेलमध्ये पाच पत्ते टाकले की पाचही जणांना वाटतं, बाकीचे चौघं बघतील.

पदव्युत्तर प्रवेश परीक्षांची तयारी चालू असेलच, ती चालू राहू दे. त्याचा या मेलांशी संबंध नाही. मार्क उत्तम आहेत हे तुम्ही सांगितलंत, पण तिला संख्याशास्त्रातलं नेमकं काय आवडतं हे पत्रात कुठेच नाही, आणि कदाचित त्या सहा मेलांतही नसेल. पुढचं पत्र मला तिने लिहावं, त्यात एवढंच सांगितलं तरी चालेल. तोवर तिच्या मेलचा पासवर्ड तिला आजच बदलू द्या, आणि नवा विचारू नका.